प्रोटेक्शन प्लॅन रद्द केला, पण परतावा कमी आला: पैसे नेमके कुठे अडकतात

नवीन फोनच्या बिलात दोन-चार हजारांचा प्रोटेक्शन प्लॅन जोडलेला असतो. काही महिन्यांनी तो नकोसा होतो: फोन एक्स्चेंजमध्ये गेला, तेच संरक्षण क्रेडिट कार्डावर मिळते असे कळले, किंवा मुळात तो घ्यायचाच नव्हता. रद्द करायला गेल्यावर अडचण ठरलेल्या तीन रूपांत समोर येते. दुकानदार म्हणतो, ‘आमच्याकडून नाही होत जी, कंपनीलाच मेल करा लागते.’ किंवा कंपनी रद्द झाल्याचे कळवते, पण पैसे येत नाहीत. किंवा पैसे येतात, पण हिशेबापेक्षा बरेच कमी, आणि कमी का ते कोणी सांगत नाही.

पहिल्या दोन अडचणी पाठपुराव्याने सुटतात. तिसरी सुटायला आकडेमोड लागते. म्हणून या लेखाचा मोठा भाग तिच्यावरच आहे.

आधी ठरवा: तुमचा प्लॅन विमा आहे की सेवा करार

दोन्हींचे माहितीपत्रक सारखेच दिसते आणि दुकानात दोन्हींना सर्रास ‘इन्शुरन्स’च म्हणतात. पण परताव्याचा नियम दोघांचा वेगळा आहे. त्यामुळे हे न ठरवता केलेला हिशेब वाया जातो.

खूण कागदावर सापडते. विमा असेल तर तुमच्याकडे पॉलिसी किंवा विमा प्रमाणपत्र आलेले असते. त्यावर विमा कंपनीचे पूर्ण नाव, तिचा आयआरडीएआय या विमा नियामकाकडचा नोंदणी क्रमांक आणि रकमेपुढे ‘प्रीमियम’ हा शब्द असतो. प्लॅन विकणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नावावर समूह पॉलिसी घेऊन तुम्हाला फक्त प्रमाणपत्र दिले असेल, तरीही तो विमाच. सेवा करार असेल तर ‘प्लॅनची किंमत’, ‘सेवा शुल्क’ असे शब्द येतात आणि विमा कंपनीचा उल्लेख एकतर नसतो किंवा अगदी तळाशी असतो.

बिलातही एक धागा मिळतो. मोबाइल हँडसेटच्या ओळीपुढे ८५१७ ने सुरू होणारा कोड असतो. प्लॅनच्या ओळीपुढे ९९ ने सुरू होणारा सेवेचा कोड असतो. ९९७१ म्हणजे विमा आणि वित्तीय सेवांचा गट, ९९८७ म्हणजे देखभाल-दुरुस्तीचा. हा पक्का पुरावा नव्हे, कारण काही दुकानांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये कोड चुकीचे भरलेले असतात, पण प्रमाणपत्राशी जुळवून पाहायला उपयोगी आहे.

त्याच बिलावर दुसरी गोष्ट पाहा: प्लॅनचे पैसे कोणाच्या नावाने घेतले. नागपूरच्या बर्डीतल्या दुकानाने फोन आणि प्लॅन एकाच बिलावर, स्वतःच्या जीएसटी क्रमांकाने विकला असेल, तर कागदोपत्री प्लॅनचा विक्रेता ते दुकान आहे. महाराष्ट्रातल्या विक्रेत्याचा हा क्रमांक २७ ने सुरू होतो. अशा वेळी ‘आमचा संबंध नाही’ हे उत्तर चालत नाही. कंपनीने रद्द करणे मान्य केले की क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढण्याचे काम दुकानाकडेच येते. प्लॅनचे बिल स्वतंत्र आणि प्लॅन कंपनीच्या नावाचे असेल, तर दुकानात चकरा मारून काही साधत नाही. थेट कंपनीला लिहा.

फोन विकताना प्लॅनची ओळ बिलातच नसेल आणि पैसे मात्र घेतले असतील, तर आधी बिल मागा. ज्या रकमेचे बिल नाही, तिच्या परताव्याचा हिशेब पुढे कुठेच मांडता येत नाही. केलेल्या सेवेचे बिल न देणे हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

नियम काय सांगतो

विमा असेल तर आयआरडीएआयचे जून २०२४ चे सर्वसाधारण विम्याचे मास्टर सर्क्युलर तुमच्या बाजूने आहे. किरकोळ ग्राहक कारण न देता केव्हाही पॉलिसी रद्द करू शकतो. पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि दावा केलेला नसेल, तर उरलेल्या काळाचा प्रीमियम प्रमाणात परत मिळतो. पॉलिसी एका वर्षाहून मोठी असेल, तर ज्या वर्षांचे संरक्षण अजून सुरूच झालेले नाही त्या वर्षांचा प्रीमियम परत मिळतो. याचा अर्थ दोन वर्षांची पॉलिसी सहाव्या महिन्यात रद्द केली, तर या नियमाच्या जोरावर दुसऱ्या वर्षाचे पैसे हक्काने मागता येतात. चालू वर्षाच्या उरलेल्या सहा महिन्यांचे पैसे पॉलिसीच्या अटींत लिहिले असतील तरच. बहुतेक लोक पूर्ण दीड वर्षाचा हिशेब धरून बसतात आणि अपेक्षाभंग तिथेच होतो.

सेवा करार असेल तर आयआरडीएआयचा काही संबंध नाही. करारातले रद्द करण्याचे कलम हाच नियम. ते कलम काढून त्यात चारच गोष्टी शोधा: किती दिवसांत रद्द केल्यास पूर्ण पैसे, त्यानंतर परतावा दिवसांच्या प्रमाणात की टप्प्यांनी, रद्द करण्याचे शुल्क किती, आणि कोणती तारीख धरायची. टप्प्यांची पद्धत म्हणजे अमुक दिवसांपर्यंत इतके टक्के, त्यापुढे इतके. अशी पद्धत असेल तर तारखेला फार महत्त्व येते, कारण टप्प्याच्या शेवटच्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी अर्ज गेला तर एकदम मोठी रक्कम कमी होते.

अटींची प्रत खरेदीच्या वेळी लागू असलेली हवी. वेबसाइटवरची आजची प्रत बदललेली असू शकते. प्लॅन सुरू झाल्याच्या ईमेलमधली जोडलेली फाइल किंवा एसएमएसमधली लिंक शोधा. लिंक उघडत असेल तर लगेच उतरवून ठेवा.

अर्ज असा करा की तारीख हलणार नाही

फोनवरून कस्टमर केअरला सांगितलेले ‘रद्द करा’ तुमच्या उपयोगाचे नाही. तिकीट क्रमांक मिळाला तरी त्यात ‘ग्राहकाने चौकशी केली’ एवढेच नोंदलेले सापडते. ॲप काढून टाकणे किंवा यूपीआयमधला ऑटोपे बंद करणे म्हणजेही रद्द करणे नव्हे. महिन्याकाठी पैसे कापणाऱ्या प्लॅनमध्ये ऑटोपे बंद करायलाच हवा, पण त्याआधी रद्द करण्याचा लेखी अर्ज जाऊ द्या.

नोंदवलेल्या ईमेलवरून, प्रमाणपत्रावर दिलेल्या पत्त्यावर अर्ज पाठवा. प्लॅन कंपनीची कचेरी बहुधा दुसऱ्या राज्यात असते, त्यामुळे खालचा मजकूर इंग्रजीत पाठवला तर काम लवकर होते. मुद्दे मात्र हेच ठेवा:

> प्लॅन/प्रमाणपत्र क्रमांक, फोनचा पहिला आयएमईआय, बिल क्रमांक व तारीख.
> हा प्लॅन आजच्या तारखेपासून रद्द करावा. या प्लॅनवर कोणताही दावा घेतलेला नाही.
> अटींमधील रद्द करण्याच्या कलमानुसार उरलेल्या मुदतीची रक्कम जीएसटीसह परत करावी.
> परताव्याचा हिशेब पुढील तपशिलासह लेखी द्यावा: मूळ रक्कम, धरलेली तारीख, वापरलेले व उरलेले दिवस, वजा केलेले शुल्क, जीएसटी.
> सोबत: बिल, प्रमाणपत्र, खात्याचा तपशील.

आयएमईआय `*#06#` डायल केल्यावर दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात आणि प्लॅन सहसा पहिल्यावर नोंदलेला असतो. दुसरा क्रमांक दिला की ‘या उपकरणावर प्लॅन आढळला नाही’ असे उत्तर येते आणि आठवडा जातो. फोन एक्स्चेंजमध्ये दिला असेल तर क्रमांक बिलावर आणि डब्यावर असतो. पैसे दुकानात रोख दिले असतील तर खात्याचा तपशील आणि रद्द केलेला चेक पहिल्याच मेलला जोडा. नाहीतर अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला पडतो आणि तो पूर्ण झाला ती तारीख धरली जाते.

अर्जाआधी ॲपमध्ये किंवा कस्टमर केअरकडून एक गोष्ट खात्रीने तपासा: तुमच्या प्लॅनवर एखादा दावा उघडा दिसतो का. स्क्रीनला तडा गेल्यावर नुसती विनंती नोंदवून पुढे काहीच केले नसेल, किंवा दावा नाकारला गेला असेल, तरी नोंदीत तो ‘सुरू’ राहिलेला असू शकतो. अशा अवस्थेत रद्द करण्याचा अर्ज पुढे सरकत नाही, किंवा ‘दावा घेतला आहे’ म्हणून परतावा शून्य धरला जातो. आधी तो दावा कोणताही खर्च न देता बंद झाल्याचे लेखी घ्या. दाव्यात खरोखर दुरुस्ती झाली असेल, तर विम्यात परताव्याचा मार्ग बहुतेक संपतो. सेवा करारात काही ठिकाणी दुरुस्तीचा खर्च वजा करून उरलेले देतात, तसे कलम आहे का ते पाहावे.

याच्या उलट बाजूही आहे. काही प्लॅन खरेदीनंतर ठरावीक दिवसांत ॲपमध्ये फोनचे फोटो चढवून सुरू करावे लागतात. तसे केलेच नसेल आणि कंपनी म्हणत असेल की तुमचा प्लॅन सुरूच झाला नाही, तर तिने एक दिवसही जोखीम उचललेली नाही. मग वापरलेले दिवस वजा करण्याचा प्रश्न येत नाही. पूर्ण रक्कम मागा. ‘प्लॅन सुरू नव्हता’ आणि ‘इतके दिवस वापरले’ ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी देता येत नाहीत, आणि दोन्ही दिली गेल्याची उदाहरणे दिसतात.

एक हिशेब, पैशापैशाने

समजा धरमपेठेतल्या एका ग्राहकाने १० मे २०२५ ला फोन घेतला आणि सोबत दोन वर्षांचा अपघाती नुकसानीचा प्लॅन. प्लॅन सेवा कराराचा आहे. मूळ किंमत ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये, एकूण ४,१३० रुपये. अटींनुसार परतावा दिवसांच्या प्रमाणात, रद्द करण्याचा अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून. दावा घेतलेला नाही. मेल ५ नोव्हेंबर २०२५ ला गेला आणि त्याच दिवशी पोच आली.

मुदत १० मे २०२५ ते ९ मे २०२७, म्हणजे ७३० दिवस. ५ नोव्हेंबर धरून वापरलेले दिवस १८०: मेचे २२, जूनचे ३०, जुलै आणि ऑगस्टचे ३१-३१, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ५. उरले ५५०.

```
3500 × 550 ÷ 730 = 2637   (जीएसटीशिवाय)
4130 × 550 ÷ 730 = 3112   (जीएसटीसह)
```

ग्राहकाची अपेक्षा ३,११२ रुपये. खात्यात आले २,०४६. तफावत १,०६६ रुपये. इथे रागावून ‘पैसे कमी दिले’ एवढाच मेल पाठवला तर उत्तर येते की हिशेब नियमानुसारच आहे. त्याऐवजी तफावत फोडायची.

पहिला तुकडा जीएसटीचा, ४७५ रुपये. ३,११२ मधून तो गेला की २,६३७ उरतात. दुसरा तुकडा तारखेचा. कंपनीने मेल आल्याची ५ नोव्हेंबर न धरता फाइल मंजूर झाल्याची २४ नोव्हेंबर धरली. १९ दिवस वाढले, उरलेले दिवस ५३१ झाले आणि रक्कम २,५४६ वर आली. म्हणजे ९१ रुपये गेले. तिसरा तुकडा रद्द करण्याचे शुल्क, ५०० रुपये. २,५४६ वजा ५०० म्हणजे २,०४६. हिशेब पूर्ण जुळला. आता तिन्ही तुकड्यांवर वेगवेगळे बोलता येते.

तारखेचा मुद्दा सर्वात सोपा आहे. कलमात ‘अर्ज मिळाल्याची तारीख’ असे लिहिले असेल तर पोच जोडून ९१ रुपये मागा. कंपनीला फाइल हलवायला लागलेला वेळ ग्राहकाच्या वापरात मोजता येत नाही. रक्कम छोटी असली तरी हा मुद्दा सोडू नका, कारण टप्प्यांच्या पद्धतीत हीच चूक दीड-दोन हजारांची होते.

शुल्काचा मुद्दा कागदावर अवलंबून आहे. खरेदीच्या वेळच्या अटींत ५०० रुपये लिहिलेले असतील तर ते बहुधा द्यावेच लागतात. नुसते ‘प्रशासकीय शुल्क लागू’ असे आकड्याविना लिहिले असेल, किंवा शुल्क नंतरच्या प्रतीत आले असेल, तर ते कोणत्या कलमाने लावले हे लेखी विचारा. शुल्क उरलेल्या रकमेच्या मानाने अवाच्या सवा असेल तर कायद्यात ‘अन्याय्य करार’ अशी संकल्पना आहे, पण त्या तक्रारी जिल्हा आयोगात नव्हे तर राज्य आयोगात चालतात. त्याचे खंडपीठ नागपुरातही बसते. तरीही ५०० रुपयांसाठी तो रस्ता धरण्यात अर्थ नाही असे आमचे स्पष्ट मत आहे.

जीएसटीचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या. ‘सरकारला भरलेला कर परत होत नाही’ हे उत्तर सरसकट दिले जाते आणि ते सरसकट खरे नाही. सेवा रद्द झाली की विक्रेता सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार क्रेडिट नोट काढून आपल्यावरचा कर कमी करू शकतो. त्यासाठी मुदत आहे: ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर, किंवा त्याने वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यांपैकी जे आधी. मे २०२५ ची विक्री २०२५-२६ या वर्षातली, म्हणजे मुदत ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत. आपल्या ग्राहकाने नोव्हेंबर २०२५ मध्येच रद्द केले आहे. विक्रेत्याला कर परत घेण्याची पूर्ण मुभा असताना तो ४७५ रुपये स्वतःकडे ठेवू शकत नाही. मेलमध्ये कलमाचा आणि या तारखेचा उल्लेख केला की प्रकरण ग्राहक सेवेच्या टेबलावरून लेखा विभागाकडे जाते, आणि तिथे हे माहीत असते.

हीच विक्री मार्च २०२५ ची असती तर मुदत ३० नोव्हेंबर २०२५ ला संपली असती, आणि डिसेंबरात रद्द केल्यावर विक्रेत्याला तो कर सरकारकडून सुटला नसता. मग कंपनी फक्त मूळ रकमेचा परतावा देते. अशा वेळी नोंदणी नसलेला ग्राहक स्वतः जीएसटी पोर्टलवर कर परत मागू शकतो. डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकाने रद्द झालेल्या सेवांसाठी ती वाट उघडली आहे. पण एक हजार रुपयांपेक्षा कमी कर परत दिला जात नाही. फोनच्या प्लॅनवरचा कर त्या रेषेच्या खालीच राहतो, म्हणून ही वाट इथे बंद आहे असे समजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फोन घेतलेल्यांनी म्हणूनच येणाऱ्या नोव्हेंबरच्या आत निर्णय करावा.

हाच प्लॅन दोन वर्षांच्या विमा पॉलिसीचा असता, तर नियमाने हक्काची रक्कम फक्त दुसऱ्या वर्षाची: दोन्ही वर्षांचा प्रीमियम समान धरला तर १,७५० रुपये आणि त्यावरचा जीएसटी. त्याहून जास्त मिळाले तर ते पॉलिसीच्या अटींमुळे. म्हणून विमा की सेवा करार हे आधी ठरवायला सांगितले.

एक्स्टेंडेड वॉरंटीत हमखास होणारी चूक

केवळ वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिचे संरक्षण निर्मात्याची एक वर्षाची वॉरंटी संपल्यावर सुरू होते. प्रमाणपत्रावर सुरुवातीची तारीख खरेदीच्या पुढच्या वर्षीची असते. समजा तिची मूळ किंमत १,५०० रुपये आहे आणि १८० व्या दिवशी ती रद्द केली. अनेकदा सॉफ्टवेअर खरेदीच्या तारखेपासून दोन वर्षे धरते आणि १,५०० × ५५० ÷ ७३० करून १,१३० रुपये देते. पण संरक्षणाचा एकही दिवस वापरलेला नाही. पहिल्या वर्षी फोन निर्मात्याच्या वॉरंटीत होता. अटींत ‘न वापरलेल्या मुदतीच्या प्रमाणात’ असे असेल तर पूर्ण १,५०० आणि २७० रुपये जीएसटी मागा, आणि प्रमाणपत्रावरची सुरुवातीची तारीख गोल करून जोडा.

अपघाती नुकसान आणि वाढीव वॉरंटी असा जोडप्लॅन असेल, तर मात्र दोन भाग वेगळे करून मागायची घाई नको. बहुतेक किंमत पहिल्या वर्षाच्या अपघाती संरक्षणाची असते. वरच्या ३,५०० पैकी २,३०० अपघाती भागाचे आणि १,२०० वॉरंटीचे असे धरले, तर १८० व्या दिवशी अपघाती भागाचे १८५ दिवसांचे १,१६६ आणि वॉरंटीचे पूर्ण १,२०० मिळून २,३६६ होतात. एकत्र हिशेबातले २,६३७ त्यापेक्षा जास्त आहेत. दोन्ही करून पाहा आणि अटींत बसणारी पद्धत निवडा.

फोन हप्त्यांवर असेल तर

दुकानातल्या फायनान्स काउंटरवर कर्ज करताना प्लॅनची रक्कम बऱ्याचदा कर्जातच मिळवलेली असते. प्लॅन रद्द झाला तरी हप्ता आपोआप कमी होत नाही. वरचे ४,१३० रुपये बारा हप्त्यांत असतील तर दरमहा सुमारे ३४४ रुपये आणि व्याज चालूच राहते.

हप्ता थांबवू नका, खात्यात पैसे कमीही ठेवू नका. प्लॅनचा वाद आणि कर्जाचा करार या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. हप्ता परत गेला की बाउन्स शुल्क लागते आणि क्रेडिट अहवालात नोंद होते, आणि ती नोंद प्लॅनचे पैसे परत आल्यावरही पुसली जात नाही.

अशा कर्जात परतावा बहुधा तुमच्याकडे न येता कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जातो. कंपनी ‘दिले’ म्हणते आणि तुम्हाला खात्यात काही दिसत नाही, ते यामुळे. कर्ज संस्थेकडून खातेउतारा मागा. त्यात जमा दिसत असेल तर ती रक्कम मुद्दलातून वजा केली का, हप्ता कमी होणार की शेवटचे हप्ते, हे लेखी घ्या. कर्ज आधीच फिटले असेल तर जादा रक्कम तुमच्या खात्यात वळती करायला सांगा.

प्लॅन न विचारता कर्जात घातला असेल तर ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या अटी आणि शुल्कांचा गोषवारा, उघडा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नवीन किरकोळ कर्जांना ते बंधनकारक आहे. विम्यासारखे तिसऱ्या पक्षासाठी घेतलेले पैसे त्यात वेगळे दाखवावे लागतात, आणि जे शुल्क त्यात नाही ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. तिथे प्लॅनची ओळच नसेल तर तुमची मागणी उरलेल्या मुदतीची नाही, पूर्ण रकमेची आणि तिच्यावरच्या व्याजाची आहे.

‘रिफंड प्रोसेस झाला’, पण पैसे नाहीत

या वाक्याला पुरावा मागा. बँक खात्यात पाठवले असेल तर यूटीआर क्रमांक असतो, कार्डावर पाठवले असेल तर एआरएन. हा क्रमांक दाखवून बँकेत विचारले की पैसे कुठे आहेत ते कळते. क्रमांक देता येत नसेल तर पैसे निघालेलेच नाहीत. पैसे दुकानाच्या खात्यात गेल्याचीही शक्यता असते, विशेषतः बिल दुकानाचे असेल तेव्हा. मग कंपनीने दुकानाला दिलेल्या क्रेडिट नोटचा क्रमांक घेऊन दुकानात जा. फोनवर ‘प्लॅनसोबत हजार रुपये सूट’ अशी योजना होती का तेही बिलात पाहा. तशी सूट दिली असेल तर दुकान ती कापून देते, आणि योजनेत तसे लिहिले असेल तर ते योग्यच आहे.

पुढची पायरी

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला फोडलेला हिशेब पाठवूनही उत्तर नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा: १९१५ वर फोन, किंवा consumerhelpline.gov.in वर. मराठीतून बोलता येते. तक्रारीत गोष्ट सांगू नका. मागितलेली रक्कम, मिळालेली रक्कम आणि तफावतीचे तुकडे एवढेच लिहा. हेल्पलाइन आदेश देत नाही, कंपनीकडून उत्तर मिळवते, पण छोट्या रकमा बऱ्याच वेळा इथेच सुटतात.

विमा असेल तर विमा कंपनीकडे लेखी तक्रार, मग आयआरडीएआयचे ‘बीमा भरोसा’ पोर्टल किंवा १५५२५५. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. तिथे वकील आणि फी लागत नाही.

सेवा करारासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. कंपनी बंगळूरूची असो की गुरुग्रामची, तक्रारदार नागपुरात राहतो किंवा काम करतो एवढ्यावर तक्रार नागपुरातच दाखल होते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार e-jagriti.gov.in वरून दाखल करता येते. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे; ती कमी रक्कम आल्याच्या किंवा नकार मिळाल्याच्या तारखेपासून मोजा, आणि ती तारीख दाखवणारा मेल कागदपत्रांत सर्वात वर लावा. दुकान, प्लॅन कंपनी आणि असेल तर कर्ज संस्था, तिघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केले तर तो उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतो आणि पहिल्या काही तारखा त्यातच जातात.